‘केलं’ की ‘करलं’?

श्रोतेहो, आज मी आपल्याला एका लहानशा चुकीबद्दल सांगणार आहे. ज्या घरात दोन-तीन वर्षांचे मूल आहे, त्या घरात ही चूक रोज कानावर पडते. आपण हसतो, सुधारतो आणि विसरून जातो.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमचे घर पुण्याच्या शनिवार पेठेत आहे. जुना वाडा केव्हाच पडला, त्या जागी इमारत उभी राहिली; पण माणसे बरीचशी तीच आहेत. माझ्या धाकट्या भावाची मुलगी तेव्हा पावणेतीन वर्षांची होती. घरात तिला सगळे छकुली म्हणतात. एके दिवशी सकाळी पाऊस उघडला तसा मी तिला शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात घेऊन गेलो. तिथे कबुतरे उतरली होती. घरी परत आल्याबरोबर तिने आजीला बातमी दिली, “आजी, कबुतरं येली. दाणे खाल्ले. मग उडली!”

आमच्या आई म्हणाल्या, “येली काय गं? आली म्हणावं. आणि उडली नव्हे, उडाली.”

छकुली म्हणाली, “बरं. आली.” आणि लगेच पुढे, “मग परत येली!”

आम्ही हसलो. आई मात्र हसल्या नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “अरे, दिवाळीत ही पोर ‘काऊ आला’, ‘बाबा गेले’ असं स्वच्छ बोलत होती. मी स्वतः ऐकलंय. आता हे ‘येला’ आणि ‘करला’ कुठून आणलं? नवीन शाळेत घातल्यापासून बिघडली का ही?”

प्रश्न रास्त होता. जे मूल दोन वर्षांचे असताना बरोबर बोलते, तेच पावणेतीन वर्षांचे झाल्यावर चुकीचे का बोलू लागते? मूल पुढे जाते की मागे? याचे उत्तर नीट पाहिले, तर मुले भाषा शिकतात म्हणजे नेमके काय करतात, हे आपल्याला दिसते.

प्रथम एक साधी गोष्ट ध्यानात घ्या. ‘येली’, ‘करलं’, ‘उडली’ हे शब्द छकुलीने कुणाकडून ऐकले? आमच्या घरात असे कुणी बोलत नाही. तिच्या शाळेतल्या बाई तसे बोलत नाहीत. आपण म्हणतो, मूल ऐकते तसे बोलते, पोपटासारखे बोलते. पण पोपट न ऐकलेला शब्द कधी बोलत नाही. इथे तर मुलीने न ऐकलेला शब्द बोलून दाखवला. याचा अर्थ तो तिने स्वतः तयार केला.

कसा तयार केला ते पाहू. आपण मोठी माणसे गेलेल्या काळाची गोष्ट सांगताना काय करतो? बस म्हटले की बसला, उठ की उठला, पड की पडला, चढ की चढला, हस की हसला. मूळ शब्द घ्यायचा आणि त्याला ‘ला’ लावायचा. आपल्या भाषेतल्या बहुतेक क्रियापदांचे असेच आहे. मुलाच्या कानावर दिवसभर हेच पडत असते. ते शेकडो वेळा ऐकल्यावर मुलाच्या मनात एक रीत बसते, की जे होऊन गेले ते सांगायचे तर ‘ला’ लावायचा. ही रीत त्याला कुणी शिकवलेली नसते. आईला विचारले तर तिलाही ती चटकन सांगता येणार नाही. पण मुलाने ती हेरलेली असते.

आणि एकदा हेरली की ते ती सगळीकडे लावून पाहते. बस-बसला, तर कर-करला. पड-पडला, तर मर-मरला. हस-हसला, तर ये-येला. हिशोब चोख आहे. चूक मुलाच्या हिशोबात नाही. आपल्या भाषेने काही थोडे शब्द त्या हिशोबातून वेगळे ठेवले आहेत. कर चा केला, मर चा मेला, ये चा आला, जा चा गेला, हो चा झाला. हे अपवाद मुलाला अजून पुरते ठाऊक नसतात.

आणखी एक गंमत सांगतो. छकुली जमिनीवर खडूने चित्रे काढायची आणि खोटा खोटा स्वयंपाक करायची. मग सांगायची, “काका, मी लाडू करला. मी पोळी करली. मी घर करलं.” आता हे तीन शब्द पुन्हा ऐका. लाडू करला, पोळी करली, घर करलं. लाडू पुल्लिंगी, पोळी स्त्रीलिंगी, घर नपुंसकलिंगी. तिन्ही ठिकाणी शेवट अगदी बरोबर आहे! मोठ्या वयात मराठी शिकणारा परभाषी माणूस इथे वर्षानुवर्षे अडखळतो. या मुलीची एक चूक आपल्या कानाला खटकते. पण त्याच शब्दात तिने लिंगाचा नियम अचूक पाळलेला आहे, तिकडे आपले लक्षच जात नाही. नुसती पाठ केलेली गोष्ट अशी नेमकी वळत नाही.

मग आईंच्या प्रश्नाचे काय? दिवाळीत ती ‘आला’, ‘गेले’ कसे म्हणत होती? त्याचे उत्तर असे, की तेव्हाचा ‘आला’ हा तिच्या दृष्टीने ‘ये’चा भूतकाळ नव्हताच. तो एक सुटा शब्द होता. जसा ‘काऊ’, जसा ‘टाटा’, तसाच ‘आला’. कावळा दिसला की म्हणायचा शब्द. ‘ये’ आणि ‘आला’ यांचे काही नाते आहे, हे तिला माहीत नव्हते. म्हणून तेव्हाचे बरोबर बोलणे हे पाठांतराचे बरोबर होते. पुढे तिला नाते कळले, रीत कळली आणि त्या रीतीच्या भरात ‘येला’ आला. काही दिवसांनी रीतही राहील आणि अपवादही पक्के होतील, तेव्हा ती पुन्हा ‘आला’ म्हणेल. पण या वेळी समजून म्हणेल. आधी बरोबर, मग चूक, मग पुन्हा बरोबर. मधली चूक ही पुढे टाकलेल्या पावलाची खूण असते.

हे केवळ मराठी मुलांचेच आहे असे समजू नका. इंग्रजी बोलणारी मुलेही हेच करतात. इंग्रजीत ‘गो’ म्हणजे जाणे, त्याचा भूतकाळ ‘वेंट’. पण अडीच-तीन वर्षांचे इंग्रज मूल म्हणते ‘गोड’, म्हणजे ‘गो’ला सरधोपट प्रत्यय लावून मोकळे होते. एक उंदीर म्हणजे ‘माउस’, अनेक उंदीर म्हणजे ‘माइस’. पण मूल म्हणते ‘माउसेस’. आपल्या मुलांचे ‘येला’ आणि त्यांचे ‘गोड’ ही सख्खी भावंडे आहेत.

यावर कुणी शंका काढील, की मुलाने कुठेतरी ‘करला’ ऐकला नसेलच कशावरून? ही शंका फिटावी म्हणून जीन बर्को या अमेरिकन बाईंनी एक फार सुंदर प्रयोग केला आणि 1958 साली तो प्रसिद्ध झाला. त्यांनी पक्ष्यासारख्या दिसणाऱ्या एका काल्पनिक प्राण्याचे चित्र काढले आणि त्याला ‘वग’ असे नाव दिले. असा शब्द इंग्रजीत नव्हताच. लहान मुलांना चित्र दाखवून त्या म्हणत, हा एक वग. आता इथे आणखी एक आला. आता इथे दोन काय आहेत? बहुतेक मुलांनी ‘वग्ज’ असे बरोबर अनेकवचन केले. हा शब्द त्यांनी जन्मात ऐकला असणे शक्य नव्हते. म्हणजे मुलांजवळ शब्दांचा साठा असतो, तशी शब्द घडवण्याची रीतही असते, हे सिद्ध झाले.

हा प्रयोग आपल्या घरी, शाळेत कुणालाही करता येईल. मी छकुली साडेतीन वर्षांची झाल्यावर केला. दोन बाहुल्या घेतल्या, एक बाहुला आणि एक बाहुली. बाहुल्याला एका पायावर गिरकी देत म्हणालो, “बघ, हा लुमतोय. रोज लुमतो. काल पण तो…?” ती म्हणाली, “लुमला.” मग बाहुलीला गिरकी दिली. “ही पण लुमते. काल ही…?” “लुमली!” लुमणे असे क्रियापद मराठीत नाही. मी ते त्याच क्षणी बनवले होते. शिक्षक मित्रांनी आपल्या पहिलीच्या वर्गात असे दोन-तीन बनावट शब्द विचारून पाहावेत. जे मूल धड्यातल्या प्रश्नाला गप्प बसते, तेही इथे चटकन उत्तर देते.

आता प्रश्न असा, की रीत एवढी पक्की असेल तर अपवाद टिकतात कसे? आपण सगळेच मोठेपणी ‘करला’ का म्हणत नाही? आपल्या जुन्या वैयाकरणांनी यासाठी दोन छान शब्द ठेवले आहेत: उत्सर्ग आणि अपवाद. उत्सर्ग म्हणजे सर्वसाधारण नियम. जिथे अपवाद सांगितला आहे, तिथे उत्सर्ग बाजूला होतो. जिथे नाही, तिथे उत्सर्ग लागू. मुलाच्या मनात असेच काहीतरी चालते. ‘कर’चा भूतकाळ हवा असला, की आधी स्मरणातून ‘केला’ वर यायला पाहिजे. तो वेळेवर आला तर ‘ला’ लावण्याचा प्रश्नच उरत नाही. पण स्मरण अजून कच्चे असेल आणि ‘केला’ वेळेवर आठवला नाही, तर नियम पुढे सरसावतो आणि ‘करला’ बाहेर पडतो. म्हणून एकच मूल एकाच दिवशी ‘केलं’ही म्हणते आणि ‘करलं’ही म्हणते.

हे खरे असेल, तर जो शब्द मुलाच्या कानावर वारंवार पडतो तो लवकर सुधारला पाहिजे आणि जो क्वचित पडतो तो उशिरा. अनुभव तसाच आहे. आमच्या घरी ‘करलं’ पहिल्यांदा गेले, कारण ‘हे कुणी केलं?’ हा प्रश्न तिला दिवसातून दहा वेळा विचारला जात होता! ‘मुंगी मरली’ मात्र कितीतरी महिने राहिले. लहान मुलासमोर आपण ‘मेला’ हा शब्द जपूनच वापरतो ना!

इंग्रजी मुलांच्या बाबतीत हे मोजूनही पाहिले आहे. गॅरी मार्कस, स्टीव्हन पिंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 83 मुलांच्या बोलण्यातली अपवादात्मक भूतकाळाची 11 हजारांहून अधिक रूपे तपासली. ज्यांच्या बोलण्याची नोंद मोठी होती अशा 25 मुलांत या चुकीचे प्रमाण साधारणपणे शंभरात अडीच इतकेच निघाले. बाकी साडेसत्त्याण्णव वेळा मुले बरोबर बोलत होती. पण भाताच्या घासात एक खडा आला तर आपल्याला खडाच आठवतो, तसे हे आहे. आणि घरी ज्या क्रियापदांची बरोबर रूपे आईबाप जास्त वेळा बोलत, त्यांच्यावर मुलांच्या चुका कमी होत्या, हेही त्यात दिसले.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. मुलाच्या मनात खरोखर ‘नियम’ म्हणून काही असते, की बसला-हसला-पडला अशा सारख्या शब्दांच्या ओढीने ‘करला’ तयार होतो, यावर विद्वानांत वाद आहे. 1986 साली रूमेलहार्ट आणि मॅक्लेलंड या दोघांनी संगणकावर एक रचना करून दाखवली. तिला कोणताही नियम सांगितलेला नव्हता, नुसती शब्दांच्या जोड्यांची सवय लावली होती, तरी ती मुलांसारख्याच चुका करू लागली. त्यावर दुसऱ्या पक्षाने तिच्यातले पुष्कळ दोष दाखवले. वाद अजून मिटलेला नाही. पण दोन्ही पक्षांना एक गोष्ट मान्य आहे: मूल नुसती नक्कल करत नाही, ऐकलेल्यातून ते काहीतरी सर्वसाधारण काढते आणि नव्या ठिकाणी वापरते.

आता हे अपवाद आले कुठून, तेही थोडे पाहू. ते भाषेचे लहरी खेळ नाहीत. संस्कृतात ‘कृत’ म्हणजे केलेले, ‘मृत’ म्हणजे मेलेले, ‘गत’ म्हणजे गेलेले. हे शब्द प्राकृतातून झिजत आले, त्यांना ‘ल’ जोडला गेला आणि केला, मेला, गेला झाले. ‘जा’ची कथा तर आणखी मौजेची आहे. ‘जा’ आला संस्कृत ‘या’ धातूपासून आणि ‘गेला’ आला ‘गम्’पासून. दोन वेगळ्या घरची माणसे एका संसारात नांदत आहेत. इंग्रजीतही तसेच आहे. ‘वेंट’ हा मुळात ‘गो’चा नव्हे, ‘वेंड’ या दुसऱ्याच क्रियापदाचा भूतकाळ. हे शब्द रोज वापरात होते म्हणून झिजले तरी टिकले. जे कमी वापरात होते, त्यांना लोकांनी हळूहळू सरळ करून टाकले. इंग्रजीत ‘हेल्प’, म्हणजे मदत करणे, याचा भूतकाळ हजार वर्षांपूर्वी वेगळाच होता. आज तो सरळ प्रत्ययाचा ‘हेल्प्ट’ आहे. म्हणजे मूल जे लहानपणी करते, ते भाषा शतकानुशतके करत आलेली आहे.

हे सांगण्याचे कारण विशेषतः खेड्यांतल्या शिक्षकबंधूंसाठी आणि भगिनींसाठी आहे. काही वर्षांपूर्वी मी एका लहान गावातल्या शाळेत गेलो होतो. दुसरीच्या एका मुलाची वही पाहिली. त्याने लिहिले होते, ‘मी मोर बघला. आजी म्हणली थांब. मी चित्र करलं.’ तिन्ही शब्दांभोवती लाल गोल होते. खाली ‘अशुद्ध’ असा शेरा होता. मुलगा वही पाठीमागे धरून उभा होता. मी त्याला मोराविषयी विचारले, तर काही बोलेना.

श्रोतेहो, त्या तीन गोलांत दोन निरनिराळ्या गोष्टी होत्या. ‘करलं’ ही मुलाची स्वतःची बांधणी. ती त्याच्या घरी कुणी बोलत नाही, आणि आज ना उद्या आपोआप जाणारच. पण ‘बघला’ आणि ‘म्हणली’ हे त्याची आजी बोलते, आजोबा बोलतात, गावाचा पार बोलतो. ती त्या मुलाची चूक नव्हे. ती त्याच्या गावची मराठी आहे, आणि तिथे गावानेही मुलासारखीच सरळ रीत धरलेली आहे. पुस्तकी मराठीत ‘बघितला’ आणि ‘म्हणाली’ लिहितात, हे त्याला जरूर शिकवावे. पण ‘शाळेत असंही लिहितात’ अशा शब्दांत शिकवावे. ‘अशुद्ध’ म्हटले की मुलाला एवढेच कळते, की माझी आजी चुकीची.

दोहोंतला फरक ओळखायला साधी कसोटी आहे. हा शब्द मुलाच्या घरातली मोठी माणसे वापरतात का, एवढे विचारावे. वापरत असतील तर ती बोली. वापरत नसतील आणि शब्द ‘बसला-पडला’च्या चालीवर बसत असेल, तर ती नियम शिकल्याची चूक, तिची काळजी नको. मात्र चार वर्षांचे मूल झालेल्या गोष्टीला कोणताच प्रत्यय लावत नसेल, ‘काऊ ये’, ‘बाबा जा’ असेच म्हणत असेल, तर तिथे चुकीची रीत नाही, रीतच नाही. अशा मुलाला शब्दांचे शेवट नीट ऐकू येतात की नाही, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

आणि ‘करलं’ म्हणणाऱ्या मुलाचे काय करावे? ‘करलं नाही, केलं म्हण’ असे म्हणून उपयोग होत नाही, हे आमच्या आईंनी महिनाभर करून पाहिले. मूल तेवढ्यापुरते म्हणते आणि पुढच्या वाक्याला पुन्हा आपल्या वाटेने जाते. त्यापेक्षा त्याच्या बोलण्याला उत्तर द्यावे आणि उत्तरात बरोबर शब्द आणावा. मूल म्हणाले, ‘मी घर करलं’, की आपण म्हणावे, ‘हो का? घर केलंस? कुणासाठी केलंस? दार कुठे केलंस?’ एका दमात तीनदा ‘केलंस’ कानावर गेले, आणि मुलाची गोष्टही तुटली नाही.

छकुली आता चार वर्षांची आहे. परवा पुन्हा शनिवारवाड्यासमोर गेलो होतो. घरी येऊन ती आजीला म्हणाली, “आजी, कबुतरं आली, दाणे खाल्ले आणि उडाली.” आई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “बघ, सुधारली की नाही?” मग थोडा वेळ थांबून स्वतःशीच म्हणाल्या, “पण ते ‘येली’ कानाला गोड लागायचं.”